‘प्रगतीपथावर’ हा शब्द बंद केला तेव्हा आमचा बल्क कूलर सुरू झाला

मी पंढरपूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव आहे. संस्था मोठी नाही, रोजचं अठराशे लिटर दूध, थंडीत फ्लश सीझनला चोवीसशेपर्यंत जातं, जास्त करून गाईचंच. आमच्या चेअरमन एक बाई आहेत, वय पन्नाशीच्या पुढं, सगळा गाव त्यांना काकू म्हणतो, मीपण. त्यांनी चिलिंग युनिट उभं करताना पहिल्या वर्षी काय चुकलं आणि दुसऱ्या वर्षी माइलस्टोन लावून ते कसं मार्गी लागलं हे जरा सविस्तर लिहितोय, कारण आसपासच्या दोन-तीन संस्था आता त्याच वाटेवर आहेत आणि त्या पण नेमकं तेच करायलेत जे आम्ही पहिल्या वर्षी केलं.

आधी अडचण सांगतो. आमचं दूध चाळीस लिटरच्या कॅनमधून पिकअपनं पस्तीस किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात जायचं. काढलेलं दूध गाईच्या अंगाच्या उष्णतेचं, म्हणजे ३५-३७ डिग्रीचं असतं. ते तीन-चार तासांत ४ डिग्रीवर गेलं नाही तर त्यातले जंतू भराभर वाढतात आणि आंबटपणा चढतो. आमच्याकडं संकलन दीड-दोन तास, मग गाडी भरणं, वाटेत अजून दोन गावं, केंद्रावर रांग, असं करत संध्याकाळचं दूध काट्यावर जाईपर्यंत रात्रीचे दहा वाजायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ४२-४३ डिग्री ऊन, संध्याकाळी सातला पण पत्रा हाताला चटका देतो, त्यात बंद कॅन. उकळून बघितलं की दूध फुटायचं आणि सगळा लॉट परत. परत आलेल्या दुधाचे पैसे सभासदाला काय म्हणून द्यायचे, आणि नाही दिले तर उद्या तो खाजगी संकलनवाल्याकडं जाणार, ह्या कात्रीत संस्था दर उन्हाळ्यात सापडायची.

म्हणून सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव झाला, ३,००० लिटरचा बल्क कूलर, म्हणजे दूध जागेवरच गार करणारी मोठी टाकी, गावातच बसवायचा. साइज बरोबर होती. टँकर दिवसातून एकदाच येणार, म्हणजे संध्याकाळचं आणि सकाळचं दोन्ही दूध एकाच टाकीत मावायला पाहिजे, आणि फ्लशला चोवीसशे धरले तर थोडी जागा उरते. तारीख ठरली गुढीपाडवा. एका सभासदानं गावाबाहेर रस्त्याला लागून जागा दिली, टाळ्या वाजल्या, आणि कामं संचालकांना वाटून दिली, एकाकडं शेड, एकाकडं लाईट, एकाकडं मशीन, कर्जाची कागदपत्रं माझ्याकडं.

ह्यानंतर पाच महिने दर मासिक सभेत काय झालं ते मी नंतर प्रोसिडिंग बुक उघडून वाचलं. लाईटच्या कामाखाली ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाचही वेळा माझ्याच अक्षरात एकच वाक्य आहे, ‘वीज जोडणीचे काम प्रगतीपथावर आहे.’ पुढं टक्के, साठ, पंचाहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. हे टक्के कुणी मोजलेले नव्हते. काकू विचारायच्या, ‘किती झालं?’ आणि संचालक अंदाजानं सांगायचे, ‘ऐंशी टक्के झालं की ओ, थोडंच ऱ्हायलंय.’ खोटं बोलायचा कुणाचाच हेतू नव्हता. अर्ज दिला होता, साहेबांना दोनदा भेटून आले होते, ठेकेदार बघून गेला होता, त्यांच्या डोक्यात ते ऐंशी टक्केच होतं. पण दिलेल्या जागेवरची लाइन शेतीच्या फीडरवरची होती आणि त्या फीडरला थ्री फेज दिवसातून आठ तासच असते, ती पण कधी दिवसा कधी रात्री. कूलरला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला थ्री फेज पाहिजे. म्हणजे गावठाण फीडरवरून नवीन लाइन ओढायला लागणार होती, खांब लागणार होते, आणि त्याचा अर्जच केलेला नव्हता. नव्वद टक्के म्हणून लिहिलेलं काम खरं तर सुरूच झालं नव्हतं.

मशीनच्या बाबतीत उलटं झालं, ते वेळेच्या आधी आलं. सप्लायरशी कराराची अट अशी होती की ऑर्डरला पन्नास टक्के, ३१ डिसेंबरला चाळीस टक्के, उरलेले दहा बसवून दिल्यावर. ३१ डिसेंबर ही कॅलेंडरवरची तारीख, तिचा शेड तयार असण्या-नसण्याशी काही संबंध नव्हता, तरी तारीख आली म्हणून आम्ही चेक दिला. जानेवारीत टाकी आली. शेडचं शटर ठेवताना टाकीचं ड्रॉईंग कुणी मागवलंच नव्हतं, टाकी शटरपेक्षा रुंद निघाली, नवीन बांधलेली भिंत फोडायला लागली. मग टाकी आत ठेवून ताडपत्री टाकली आणि ती तशीच पडून राहिली. सप्लायरचा माणूस फोन उचलायचा, ‘लाईट आली की कळवा’ म्हणायचा, आणि त्याची काही चूक पण नव्हती, नव्वद टक्के पैसे त्याला मिळालेले होते आणि जोडायला वीजच नव्हती.

पाडवा गेला. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळचं दूध सहा वेळा परत आलं. एका रात्री काकू स्वतः पिकअपबरोबर केंद्रावर गेल्या होत्या आणि सव्वासातशे लिटर दूध त्यांच्यासमोर नाकारलं. रात्री साडेअकराला त्यांचा मला फोन आला, ‘उद्या सकाळी ते वह्या-पुस्तकं घेऊन घरी ये.’

सकाळी गेलो तर त्यांच्या गोठ्यात डॉक्टर गाई तपासायला आलेले. एका गाईला जानेवारीच्या शेवटी भरवली होती, ती अडीच महिन्यांनी तपासली आणि गाभण नाही म्हणाले. काकूंनी गोठ्याच्या खांबाला अडकवलेलं कार्ड काढलं. त्या कार्डावर प्रत्येक गाईच्या तारखा असतात, माजावर आली, भरवली, २१ दिवसांनी परत माज दिसला का, दोन-अडीच महिन्यांनी तपासणी, वेताच्या दोन महिने आधी आटवली, आणि भरवल्यापासून साधारण २८० दिवसांनी व्याली. त्या कार्डाकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘ह्यात कुठं ऐंशी टक्के गाभण असं लिहायला जागा आहे का रे?’

मला वाटतं सगळं प्रकरण तिथं फिरलं. माइलस्टोन हा शब्द मला माहीत होता, बँकेच्या फॉर्ममध्ये पण रकाना होता, आणि त्यात मी ‘शेड बांधकाम’, ‘विद्युतीकरण’, ‘मशीन खरेदी’ अशी कामांची नावं भरली होती. ते चूक होतं. शेड बांधकाम हे काम झालं, ते दोन महिने चालतं. माइलस्टोन चालत नसतो, तो एका क्षणी होतो किंवा झालेला नसतो, त्याला स्वतःचा कालावधी शून्य असतो, आणि तो झाला का ह्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. भरवली हे आपण केलेलं काम. गाभण आहे हे तपासून दुसऱ्यानं सांगायचं, गाईच्या मालकानं अंदाजानं नाही. शिवाय कार्डावर २१ दिवसांची नोंद का असते, तर फसलं असेल तर ते नवव्या महिन्यात कळून उपयोग नाही, परत भरवायला वेळ हातात असतानाच कळलं पाहिजे. काकू म्हणाल्या त्या गाईचा माज घरातल्यांनी बघितलाच नव्हता, बघितला असता तर दोन महिने वाचले असते, आणि आपल्या लाईटचं पण तेच झालंय.

त्याच दिवशी नवीन प्लॅन करायला बसलो. पहिला प्रयत्न बिघडला, तो पण सांगतो. उत्साहात आम्ही चौतीस माइलस्टोन लिहिले. सिमेंट आलं, वाळू आली, पत्रा चढला, अर्ज टाइप केला, सगळंच. दुसऱ्या दिवशी संचालकांना दाखवलं तर कुणाला त्यातलं महत्त्वाचं कुठलं तेच कळेना, आणि एक संचालक बरोबर बोलले, ‘काकू, ह्यातले तीस झाले आणि चार ऱ्हायले तर परत आपण नव्वद टक्केच म्हणणार.’ मग गाळत गाळत सातवर आणले. गाळायची कसोटी काकूंनी ठरवली, ही गोष्ट झाली नाही तर पुढचं कुठलं तरी काम थांबतं का किंवा कुणाचे तरी पैसे थांबतात का? थांबत असेल तर ठेवायचं, नाहीतर ते ज्याचं त्याच्या वहीत.

आणि मागून पुढं आलो. शेवटचं टोक आधी पकडलं. पहिल्या वर्षी शेवट होता ‘उद्घाटन’. उद्घाटन तर ताडपत्रीखालच्या टाकीला हार घालून पण करता आलं असतं. आता शेवट लिहिला, ‘गार दुधाचे लागोपाठ सात टँकर डेअरीनं स्वीकारले, प्रत्येक चलनावर दुधाचं तापमान ५ डिग्रीच्या आत आणि मिथिलीन ब्लू टेस्ट तीन तासांच्या वर, १५ ऑक्टोबर.’ ही टेस्ट साधी आहे, दुधात निळा रंग टाकून कोमट पाण्यात ठेवतात, जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. ऑक्टोबर धरायचं कारण तेव्हापासून दूध वाढायला लागतं.

त्याच्या आधी काय झालेलं असलं पाहिजे असं विचारत मागं गेलो. टँकरच्या आधी लायसन हातात पाहिजे, रोज ५०० लिटरच्या वर दूध हाताळणाऱ्या शीतकरण युनिटला नुसतं रजिस्ट्रेशन चालत नाही, एफएसएसएआयचं राज्याचं लायसन लागतं, ते ३० सप्टेंबर. त्याच्या आधी जनरेटरवर कूलर दोन तास सलग चालला, २० सप्टेंबर. त्याच्या आधी पाण्यावरची ट्रायल, म्हणजे दुधाऐवजी पाणी तीन तासांत ४ डिग्रीवर जातं का ते बघायचं, १० सप्टेंबर. ट्रायलच्या आधी वीज, पण विजेचे आम्ही दोन केले, गावठाण फीडरवरून लाइन चार्ज झाली ३१ जुलै, आणि सलग सात संध्याकाळी सहा ते आठमध्ये तिन्ही फेजला ३८० व्होल्टच्या वर मिळालं, १५ ऑगस्ट. आणि शेडचा एक, १५ जुलै, त्याची खूण म्हणजे फरशीवर दहा बादल्या पाणी ओतायचं आणि दहा मिनिटांनी कुठं डबकं दिसता कामा नये. दूध सांडणारच, ते नालीत गेलं नाही तर वास आणि माशा.

विजेचे दोन का केले ह्यावर सभेत वाद झाला, लाईटचं काम बघणारे संचालक नाराज झाले, म्हणाले मीटर फिरला म्हणजे झालं, हा काय अविश्वास लावलाय. काकूंनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, ‘भाऊ, अविश्वास तुमच्यावर न्हाई, संध्याकाळच्या व्होल्टेजवर हाय. गावात सगळे एकदम लाईट-पंखे लावतात, पीठ गिरणी चालू असते, आणि आपला कंप्रेसर नेमका तेव्हाच पळायचाय. कमी व्होल्टेजवर तो करंट जास्त ओढून जळतो.’ आणि प्रत्येक माइलस्टोन झाला हे ते काम करणाऱ्यानं न सांगता दुसऱ्या संचालकानं बघून सही करायची असा नियम सगळ्यांनाच लावला, काकूंकडच्या कामाला पण, म्हणून तो टिकला.

पैसे पण ह्यालाच बांधले. टाकीचे नव्वद टक्के गेले होते ते गेले. पण लाइनच्या ठेकेदाराशी नवीन बोलणी करून वीस टक्के खांब-तारा जागेवर आल्यावर, पन्नास लाइन चार्ज झाल्यावर, तीस त्या सात संध्याकाळच्या सहीनंतर असं ठरवलं. त्यानं कुरकुर केली पण मान्य केलं, कारण सही झाली की तिसऱ्या दिवशी चेक मिळेल हे आम्ही लिहून दिलं होतं आणि पाळलं.

आता खरी परीक्षा जूनमध्ये झाली. ३१ जुलैच्या लाइनसाठी काकूंनी कार्डावरच्या २१ दिवसांसारखी एक आधीची खूण ठेवली होती, २० जूनला खांब जागेवर पडलेले दिसले पाहिजेत. हीच तारीख का, तर जुलैत आषाढी वारी होती. आमच्या रस्त्यापासून पालखी मार्ग पाच किलोमीटरवर, त्या दिवसांत तिकडून जड गाडी निघत नाही, सगळा तालुका वारीच्या कामात, मजूर पण मिळत नाहीत. वारीच्या आधी खांब आले नाहीत तर ते वारीनंतरच येणार, आणि जुलै संपला. पहिल्या वर्षीच्या प्लॅनमध्ये वारीचं नावसुद्धा नव्हतं, आम्ही पंढरपूरचे असून. २० जूनला सकाळी काकूंनी जागेवर जाऊन बघितलं, एकही खांब नाही. त्यांनी ‘का नाही आले, कधी येणार’ हे फोनवर विचारलं नाही, ठेकेदाराला जागेवरच बोलावलं. तेव्हा कळलं की लाइन एका शेतकऱ्याच्या बांधावरून जाणार होती, त्यानं हरकत घेतली आणि ठेकेदार गप्प बसून राहिला होता. त्या शेतकऱ्याची संमती हा विषय आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हता. काकू दोनदा त्यांच्या घरी गेल्या, ते ऐकेनात, पुढं द्राक्षाची बाग लावायचीय म्हणाले, आणि त्यांचं पण बरोबर होतं. शेवटी चौथ्या दिवशी लाइन शिवरस्त्यानं न्यायचं ठरलं, दोन खांब वाढले, तेवढा खर्च वाढला, सुधारित नकाशा मंजूर करून घेतला, आणि वारीच्या गर्दीआधी खांब येऊन पडले.

तरी लाइन ३१ जुलैला चार्ज झाली नाही, ९ ऑगस्टला झाली. प्रोसिडिंग बुकात मी लिहिलं, ‘झाले नाही. नऊ दिवस उशीर.’ पहिल्या वर्षी मी ‘प्रगतीपथावर’ लिहिलं असतं. हा उशीर मोठा नव्हता, कारण विजेचा दुसरा माइलस्टोन आणि पाण्याची ट्रायल ह्यांच्यात आम्ही मुद्दाम तीन-साडेतीन आठवडे मोकळे ठेवले होते. ज्या कामावर आपला ताबा कमी त्याच्या मागं मोकळे दिवस जास्त, एवढा साधा हिशोब त्यामागं होता.

ते मोकळे दिवस कामी पण आले. सात संध्याकाळ मोजायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी सव्वासातला एका फेजला ३५२ व्होल्ट आले. माझ्या हातात मीटर होता, दोनदा बघितलं. मीटर फिरला म्हणजे झालं असं धरलं असतं तर त्या दिवशी कंप्रेसर चालू असता. ट्रान्सफॉर्मरवर लोड एकाच फेजवर जास्त पडत होता, तो वाटून घेतला, टॅप बदलून घेतला, आणि परत पहिल्या दिवसापासून मोजणी. २६ ऑगस्टला सात पूर्ण झाले. सगळ्यात कमी आकडा ३८८. शिवाय कमी व्होल्टेजला आपोआप बंद करणारा रिले बसवून घेतला, कारण सात दिवस बरं मिळालं म्हणून आठव्या दिवशी मिळेलच असं नाही.

पाण्याची ट्रायल ठरल्या दिवशी, १० सप्टेंबरलाच झाली. टाकीत १,५०० लिटर पाणी, म्हणजे अर्धी टाकी. सप्टेंबरात टाकीचं पाणी २८ डिग्रीचं होतं, मग गिझरचं गरम पाणी मिसळून ३५ केलं. पाणी आणि दूध थंड करायला लागणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते म्हणून ही ट्रायल दुधाला धोका न देता करता येते. अकरा वाजता कंप्रेसर चालू, एक पन्नासला ४ डिग्री. तीन तासांच्या आत, म्हणजे पास. जनरेटर २० ऐवजी १८ लाच झाला, पंचवीस केव्हीएचा, दोन तासांत कुठं धाप लागली नाही. शेड आणि लायसन पण वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दूध भरायला लागल्यावर एक गोष्ट समोर आली जी पाण्यावर दिसली नव्हती. संध्याकाळचं दूध रात्रीत ४ डिग्रीवर जातं, सकाळी त्यावर परत कोमट दूध पडतं. मिसळलेलं दूध १० डिग्रीच्या वर जाऊ नये, नाहीतर रात्रभर गार ठेवलेल्याचा फायदा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते साडेसात ह्या अर्ध्या तासातच सहाशे लिटर आलं, शाळेची आणि एसटीची वेळ, सगळे एकदम येतात, आणि टाकीचा आकडा साडेनऊपर्यंत चढला. फ्लशला दूध वाढल्यावर तो दहा ओलांडणार हे स्पष्ट होतं. म्हणून संकलन सहालाच उघडलं आणि दोन वस्त्यांना वेळ वाटून दिली. आता आकडा सातच्या पुढं जात नाही.

सातवा टँकर १७ ऑक्टोबरला स्वीकारला गेला, ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा, कारण चौथ्या टँकरला तापमान ५.४ आलं होतं, टँकर निघताना झाकण उघडं राहिलं होतं, आणि लागोपाठ सात असं लिहिलेलं म्हणून काकूंनी परत एकपासून मोजायला लावलं. मी म्हटलं होतं की डेअरीनं ते दूध घेतलंय, सोडून देऊ. त्या म्हणाल्या, ‘आपणच लिहिलंय ना ते.’

एक गोष्ट मात्र ऑक्टोबरात तपासता येत नव्हती. कूलरचा कंडेन्सर बाहेरच्या हवेत उष्णता सोडतो, हवाच ४२ डिग्रीची असेल तर त्याला जास्त वेळ लागतो. सप्टेंबरात पास झालेला कूलर मे महिन्यात पास होईलच असं नाही, आणि आमचं दूध तर उन्हाळ्यातच परत येत होतं. सप्लायरच्या कोटेशनवर ‘तीन तासांत ४ डिग्री’ एवढंच होतं, बाहेर किती ऊन असताना ते नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडून ४२ डिग्रीला तीन तास असं पत्र घेतलं होतं आणि राखून ठेवलेले शेवटचे दहा टक्के मे महिन्याच्या ट्रायलला बांधले होते. बोर्डावर सात माइलस्टोन पुसले गेले तरी हा आठवा हिवाळाभर तसाच लिहिलेला होता.

मे महिन्यात टँकर दूध घेऊन गेला की टाकी धुऊन दुपारी एकला ट्रायल लावली. सावलीत ४२ डिग्री. पाणी गरम करायची गरजच नव्हती, वरच्या टाकीतलं ३५ चंच होतं. लागले तीन तास पंचवीस मिनिटं. सप्लायरचा तंत्रज्ञ तिथंच होता, त्यानं कंडेन्सरमागं हात धरून बघितला, पश्चिमेची भिंत दीड फुटावर, बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत ओढली जात होती. म्हणजे ती भिंत, जी आम्ही ड्रॉईंग न मागवता बांधली होती. भिंतीचा तेवढा भाग काढून तिथं जाळी बसवली, वर शेडनेटची सावली केली. आठ दिवसांनी परत तेवढंच पाणी, तेवढंच ऊन. तीन पंचावन्नला काकूंनी स्वतः थर्मामीटर बघितला, ४ डिग्री, दोन तास पंचावन्न मिनिटं. त्यांनी वहीत सही केली आणि मला म्हणाल्या, ‘चेक लिही.’